पाऊस आलाच नाही, एवढंच लिहा

इंग्रजी सबटायटलच्या एका ओळीत साधारण ४२ अक्षरं मावतात, मोकळ्या जागा धरून. ओळी दोनच. प्रेक्षकाचा वाचनवेग सेकंदाला सुमारे १७ अक्षरं धरतात. संहिता लिहितानाच हा हिशेब ठेवला, तर पुढे अनुवादकाला मजकूर कापत बसावं लागत नाही.

माहितीपटातलं एक निवेदन समजा: ‘पावसाने तोंडचे पाणी पळवल्यावर कर्जाने घेतलेल्या मोटारीचे हप्ते फेडताना धोंडिबांच्या नाकी नऊ आले.’ ऐकायला झकास. पण इंग्रजीत हे शंभराच्या आसपास अक्षरांवर जातं, दोन ओळींत बसत नाही. शिवाय पाऊस आणि मोटार शेजारी असताना ‘तोंडचे पाणी’ शब्दशः गेलं, तर परका प्रेक्षक पिण्याच्या पाण्याची टंचाई समजतो.

आता हेच असं लिहा: ‘पाऊस आलाच नाही. विहिरीवरची मोटार कर्जाची होती. हप्ते थकले.’ प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबलं, की तीन स्वतंत्र सबटायटलं मिळतात.

धोंडिबा स्वतः बोलत असतील, तर मात्र त्यांचा वाक्प्रचार काढू नये. ती त्यांची बोली आहे. तिथे अनुवादकासाठी संहितेच्या समासात सरळ अर्थ लिहावा. कात्री लावायची ती निवेदनाला.