कैरोच्या मेनूतला ‘ऐश’

कैरोतल्या खानावळीच्या मेनूचा फोटो भाषांतराला आला, की आधी सूचना आणि पदार्थांची नावं वेगळी करावीत. ‘धूम्रपानास मनाई’सारख्या सूचना प्रमाण अरबीत असतात, त्या सगळ्या अरब देशांत सारख्याच वाचता येतात. पदार्थांची नावं मात्र बहुधा बोलीतली. ‘ऐश’चा प्रमाण अर्थ जगणं, इजिप्तमध्ये ती रोटी, आखातात चक्क भात! ‘फिराख’ म्हणजे प्रमाण अरबीत पिल्लं, कैरोत साधी कोंबडी.

म्हणून मी आधी किमतीजवळचं चलन पाहते. इजिप्ती पौंड असेल तर इजिप्ती बोली, सौदी रियाल असेल तर आखाती. रियाधमधल्या इजिप्ती खानावळीत ही खूण फसते. तिथे शेजारच्या ओळी वाचाव्यात: कुशरी, फूल दिसलं, तर ‘ऐश’ रोटीच.