संस्थेच्या निवडणुकीची नोटीस

गावातल्या वाचनालयाची निवडणूक होते, नवे पदाधिकारी कामाला लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ नुसार हा बदल ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला कळवावा लागतो. हा बदल अर्ज दाखल झाला की एखादा सभासद हरकत घेतो, ‘मला नोटीसच मिळाली नाही.’ मग मतमोजणी बाजूला राहते आणि नोटीस तपासली जाते.

नोटिशीचा आधार असतो संस्थेची घटना. समजा, तिच्यात ‘पूर्ण २१ दिवसांची नोटीस’ असे म्हटले आहे आणि सभा २९ जूनला आहे. नोटीस मिळाल्याचा आणि सभेचा, असे दोन्ही दिवस मोजायचे नसतात. म्हणजे ८ ते २८ जून हे २१ दिवस मोकळे राहण्यासाठी नोटीस ७ जूनपर्यंत सभासदाच्या हाती पडायला हवी. टपालाचे दिवस धरून ती मेअखेरीसच पाठवावी आणि पोचपावत्या जपाव्यात. अर्ज भरण्याची मुदत, छाननी, माघार, मतदान आणि मोजणी यांच्या तारखा, वेळा व ठिकाण नोटिशीत असावे.

खरा वाद मतदार यादीवर होतो. संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालीही नोंदलेली असेल, तर वर्गणी तीन महिन्यांहून जास्त थकलेल्या सभासदाला मत देता येत नाही. वर्गणी १ एप्रिलला देय असेल, तर २९ जूनला तीन महिने पुरे होत नाहीत. म्हणून घटनेत वेगळी अट नसल्यास केवळ चालू वर्षाची वर्गणी बाकी असलेल्याला या कलमाने वगळता येणार नाही. गेल्या वर्षीची थकवलेला मात्र बाद ठरेल. यासाठी पावती पुस्तकावरून कच्ची यादी आधी लावून, हरकती ऐकून मगच ती अंतिम करावी.

मतदान गुप्त मतपत्रिकेने की हात वर करून, हेही घटनाच सांगते. दुसऱ्याच्या वतीने मत देण्याची सोय घटनेत नसेल, तर ती ऐन वेळी देता येत नाही.

निवडणूक निर्णय अधिकारी स्वतः उमेदवार, सूचक किंवा अनुमोदक नसावा. छाननीत अर्ज फेटाळला, तर त्याने कारण लेखी द्यावे. माघारीनंतर जागांइतकेच उमेदवार उरले, तर त्यांना तो बिनविरोध घोषित करतो. मतदान झाल्यास मतपत्रिकांचा हिशेब त्यानेच जुळवायचा: २०० छापल्या, १५० दिल्या, ५० शिल्लक आणि पेटीत १५०. पेटीत १५३ निघाल्या, तर निकाल वाचण्याआधी थांबून ती नोंद करावी. त्याचा अहवाल, अंतिम यादी आणि पोचपावत्या बदल अर्जाला जोडल्या, तर हरकतीचे उत्तर कागदच देतात.