ग्लुकोजच्या बाटलीआधी बी-वन

गटारी झाली, श्रावण लागला, की आमच्याकडे गटाच्या बैठकीत एक वाक्य दरवर्षी ऐकू येतं, "ह्यांनी महिनाभर सोडली बाई!" आनंदाचीच गोष्ट. पण वर्षानुवर्षं रोज पिणारा माणूस ज्या आठवड्यात अचानक दारू सोडतो, उपास धरतो आणि साबुदाण्यावर राहतो, त्याच आठवड्यात त्याच्या मेंदूला एक मोठा धोका असतो. आज त्याच आजाराबद्दल बोलू.

आपल्या शरीराला बी-वन नावाचं जीवनसत्त्व लागतं, त्याचं दुसरं नाव थायमिन. खाल्लेल्या भाताची, साखरेची ताकद करायला ते लागतं. शरीरात त्याचा साठा फार नसतो, दोन-तीन आठवड्यांत संपत येतो. रोज पिणारा माणूस मुळात नीट जेवत नाही. जे जेवतो त्यातलं बी-वन दारूमुळे आतड्यात पुरेसं शोषलं जात नाही. त्यात आपण ठाणे जिल्ह्यातली माणसं भात खाणारी. तांदूळ पॉलिशचा, तीन-तीन पाण्यांनी धुतलेला, वर पेज काढून टाकलेली. बी-वन पाण्यात विरघळतं, ते त्या पाण्याबरोबर मोरीत जातं. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसती खळ, त्यात बी-वन नसल्यातच जमा.

हा साठा संपला की मेंदूचे काही भाग उपाशी पडतात. कार्ल वेर्निक या डॉक्टरांनी १८८१ साली हा आजार पहिल्यांदा नीट लिहून ठेवला. त्यांच्या तीन रुग्णांत दोन दारू पिणारे पुरुष होते, आणि तिसरी एक तरुणी होती, ॲसिड प्यायल्यानंतर सतत उलट्या होणारी. म्हणजे हा फक्त दारुड्यांचा आजार नाही. गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या होणाऱ्या सुनेलाही तो होऊ शकतो.

टिटवाळ्याच्या पुढच्या एका गावातल्या घरात काय झालं ते सांगतो. नावं सांगणार नाही. माणूस पंचेचाळिशीचा, वीस वर्षं रोज पिणारा. गटारीच्या आधीचा सगळा आठवडा पिण्यात गेला, जेवण जवळजवळ नाही, उलट्या वेगळ्याच. श्रावणी सोमवारी उपास धरला, दिवसभर गोड चहा आणि चार घास खिचडी. मंगळवारी सकाळी पाय फाकवून, भिंत धरून चालू लागला. म्हणाला, पंखे दोन दिसतात. बायकोनं जवळून पाहिलं तर डोळ्यांची बुबुळं आपोआप हलत होती. मुलाला त्यानं तीनदा विचारलं, "तू कधी आलास?" शेजारी म्हणाले चोरून प्यायला असेल, सासूबाई म्हणाल्या उतारा काढा.

बायकोनं एकच गोष्ट धरून ठेवली. काल सकाळपासून हा माझ्या डोळ्यांसमोर आहे, थेंब घेतलेला नाही, मग झोक कसा जातो? मैत्रिणींनो, ओळख इथेच पटते. दारूचा झोक दारू उतरली की जातो, हा जात नाही. बघायच्या गोष्टी चार: बरेच दिवस जेवण नाही, डोळ्यांत बिघाड, चालण्यात झोक, आणि गोंधळ किंवा विसर. चारही दिसायची वाट पाहू नका, पुष्कळांना सगळ्या एकदम दिसतच नाहीत. रोज पिणाऱ्या माणसात यातल्या दोन दिसल्या तरी त्याच दिवशी दवाखाना. अंग थरथरत असेल, फिट आली, भास होत असतील, तर तो दारू एकदम तुटल्याचा वेगळा धोका आहे. त्यालाही दवाखानाच लागतो. म्हणून रोज पिणाऱ्यानं डॉक्टरांना विचारूनच सोडावी.

आता बाटलीचं. अशक्तपणा म्हटलं की आपल्याकडे ग्लुकोजची बाटली लावतात. पण साखर जाळायला बी-वन खर्च होतं. साठा रिकामा असताना नुसतं ग्लुकोज शिरेत गेलं, तर उरलंसुरलं बी-वनही संपतं आणि आजार उसळतो. म्हणून बी-वनचं इंजेक्शन ग्लुकोजच्या आधी, निदान बरोबर तरी द्यावं लागतं. रक्तातली साखर खूपच उतरली असेल तर ग्लुकोज थांबवता येत नाही, तेव्हा दोन्ही सोबत. त्या बाईला गटातल्या मैत्रिणीनं शिकवलेलं वाक्य तिनं डॉक्टरांसमोर म्हटलं, ते तुम्हीही पाठ करा: "डॉक्टर, हे वीस वर्षं रोज पितात, आठ दिवस जेवलेले नाहीत, तोल जातो आणि दोन-दोन दिसतं. ग्लुकोजच्या आधी थायमिन द्याल का?" वर्षं आणि दिवस आपल्या घरचे सांगायचे.

त्याला मोठ्या रुग्णालयात हलवलं. कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, कल्याणचं रुक्मिणीबाई, जे जवळ पडेल ते, आणि गाडीसाठी १०८. संशय आला की मोठा डोस शिरेतून देण्याची पद्धत आहे: सहसा ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन-तीन दिवस. मग २५० रोज काही दिवस, आणि त्यानंतर गोळ्या. सुरुवातीला गोळ्या पुरत नाहीत, कारण आतडं त्या घेतच नाही. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्स आणून घरी थांबणं म्हणजे वेळ घालवणं. स्कॅनच्या रिपोर्टसाठीही इंजेक्शन थांबवायचं नसतं. रक्तातलं मॅग्नेशियम कमी असेल तर बी-वन काम करत नाही, तेही डॉक्टर भरून काढतात.

त्याचे डोळे दोन दिवसांत सुधारले. चाल सुधारायला दोन महिने लागले. आठवण मात्र पूर्ण परतली नाही. उपचाराला उशीर झाला किंवा ते अपुरे पडले, की बरेचदा हे मागे उरतं. त्याला कोर्साकॉफ म्हणतात. जुनं सगळं आठवतं, लग्नातल्या वरातीतला बँडवाला सुद्धा. सकाळी काय झालं ते दुपारी नसतं. आणि जी जागा रिकामी राहते, ती मन आपोआप भरतं. बायकोनं गटाचा दीड हजाराचा हप्ता त्याच्या हाती दिला. संध्याकाळी तो शपथेवर म्हणाला, "भरला, ताईंनी सही केली." पैसे शर्टाच्या खिशातच होते. आम्हाला ठामपणे सांगावंसं वाटतं, हे खोटं बोलणं नाही. त्याला ते खरंच घडल्यासारखं आठवतं. त्याच्याशी वाद घालून दोघांचाही फक्त जीव शिणतो.

मग त्या घरानं काय बसवलं? पैसे बायकोकडे आणि हप्ता तिनंच भरायचा. चाव्या, चष्मा, औषध यांची एकेक जागा, ती बदलायची नाही. भिंतीवर कॅलेंडर, रोज सकाळी तारखेवर खूण. नवीन काम शिकवताना "आठवतंय का?" असं विचारायचं नाही, कारण चुकीचं उत्तर तोंडातून गेलं की तेच डोक्यात बसतं. बरोबर काय ते आधी सांगायचं आणि तेच रोज करून घ्यायचं. आता तो विहिरीवरून पाणी आणतो, शेळ्या सोडतो. एकट्यानं लोकलनं जात नाही आणि खिशात फोन नंबरची चिठ्ठी असते. जेवणात शेंगदाणे, मटकी, मूग, बाजरी, आणि डॉक्टरांनी दिलेली बी-वनची गोळी. दारू पूर्ण बंद, कारण पुन्हा प्यायला तर उरलेलंही जातं. वयामुळे येणारा विसराळूपणा वाढत जातो. हा दारू बंद आणि जेवण सुरू राहिलं तर सहसा वाढत नाही. काही माणसं वर्ष-दोन वर्षं हळूहळू सुधारत राहतात, काहींना मात्र कायम सोबत लागते.

आणखी एक, आपल्या भागात फार महत्त्वाचं. कल्याण-भिवंडीकडे जमिनीला भाव आला आहे. असा माणूस कागदावर सही करून येईल आणि त्याला ते आठवणारही नाही. सातबाऱ्यावर त्याचं नाव असेल तर डॉक्टरांचे कागद जपून ठेवा, आणि तालुक्याच्या विधी सेवा समितीत मोफत सल्ला घ्या. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत आठवणीचा गंभीर बिघाडही येतो. तेव्हा उपचारानंतर बिघाड टिकून असेल, तर सरकारी रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी तपासणी मागता येते. दारू सुटत नसेल, तर ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे, आणि १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं, फोन मोफत आहे. पण तोल आणि गोंधळ नवीन सुरू झाला असेल तर फोनवर बोलत बसू नका, आधी १०८ लावा.