फुलांचा चहा आणि झोपेची गोळी

झोप लागावी म्हणून रात्री कॅमोमाइलचा चहा घेणं आता आपल्या शहरांतही रुळलं आहे. या चहात चहाची पत्ती नसते. असतात ती वाळवलेली फुलं, तीही परागकणांसकट. बहुतेकांना त्याने काहीच त्रास होत नाही, पण ज्यांना परागकणांची अ‍ॅलर्जी आहे त्यांची गोष्ट वेगळी.

कॅमोमाइल शेवंतीच्या कुळातलं. झेंडू, सूर्यफूल आणि आपल्याकडे माळरानं व्यापणारं गाजर गवतही त्याच कुळातलं. या वनस्पतींच्या परागांतली काही प्रथिनं एकमेकांशी इतकी जुळतात की, एकीची अ‍ॅलर्जी असलेलं शरीर दुसरीलाही शत्रू समजू शकतं. 1989 साली स्पेनमधल्या डॉक्टरांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकिगत नोंदवली. त्याला दमा होता, आणि दवण्याच्या जातकुळीतल्या मगवर्ट नावाच्या रानझुडपाच्या परागांचीही अ‍ॅलर्जी होती. कॅमोमाइलचा चहा तो आयुष्यात पहिल्यांदाच प्यायला आणि त्याला अ‍ॅलर्जीचा गंभीर झटका आला. शरीराची तयारी मगवर्टने आधीच करून ठेवली होती. म्हणून ‘मी तर हा चहा कधी घेतलाच नाही, मग अ‍ॅलर्जी कशी असेल?’ हा हिशेब इथे चालत नाही. गाजर गवताने शिंका, दमा किंवा अंगावर चट्टे येत असतील तर हा चहा टाळावा, हे माझं स्पष्ट मत आहे.

आता झोपेच्या गोळ्या. कॅमोमाइलमधला एपिजेनिन हा घटक मेंदूत अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्या जिथे काम करतात तिथेच चिकटतो, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. त्याचा जोर गोळीच्या मानाने फारच कमी, आणि निद्रानाशावर तो गुणकारी असल्याचा पुरावाही तुटपुंजा. तरीही गोळीवर चहा घेतला तर गुंगी वाढू शकते. समजा, सत्तरीच्या आजी रात्री अल्प्राझोलाम घेतात, सर्दी झाली म्हणून त्यात क्लोरफेनिरामिनची गोळी आली आणि वर हा चहा. त्या दोन गोळ्यांनीच पुरेशी गुंगी येते, चहाने आणखी भर पडू शकते. त्यात चहामुळे पहाटे लघवीला उठावं लागतं. तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडतं. मद्याच्या जोडीलाही हाच धोका. सकाळी डोकं जड वाटणं, बोलणं अडखळणं, चालताना झोक जाणं ही खूण ओळखावी. अशा वेळी चहा थांबवावा आणि डॉक्टरांना सांगावं. रोजची गोळी मात्र मनाने एकदम बंद करू नये, त्याने झटके येऊ शकतात.

चहा प्यायल्यावर ओठ-जीभ खाजली किंवा अंगावर गांधी उठल्या तर तो पुन्हा घेऊ नका. घसा आवळला, धाप लागली किंवा चक्कर आली तर घरगुती उपायांत वेळ न घालवता 108 ला फोन करा.