पाच अंशांच्या वर, पण किती वेळ?

धारावीतल्या झेप्टोच्या गोदामाचा परवाना राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने 2025 च्या जूनच्या सुरुवातीला निलंबित केला, तेव्हा बातमीत सगळा भर बुरशीवर होता. ते साहजिकच होतं, कारण बुरशी डोळ्यांना दिसते. त्याच तपासणीत आणखी एक ठपका होता: शीतगृहाचं तापमान नियमाप्रमाणे राखलेलं नाही. बहुतेकांनी तो वाचला आणि पुढे गेले. पण तापमान किती वाढलं होतं आणि ते तसं किती वेळ राहिलं, हे कळल्याशिवाय त्या ओळीतून मालाबद्दल फारसं काही समजत नाही.

हा प्रश्न मुंबईच्या गोदामापुरता नाही. राहुरी तालुक्यात, देवळाली प्रवरा आणि आसपासच्या गावांत, तो रोज दोनदा उभा राहतो, सकाळच्या आणि संध्याकाळच्या दुधाबरोबर. याच तालुक्यातल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तयार केली. संकरित गाई गोठ्यात आल्या तसं दूध वाढलं, आणि वाढलेलं दूध टँकर येईपर्यंत थंड ठेवायला बीएमसी, म्हणजे बल्क मिल्क कूलर आले. स्टीलची टाकी, खाली कॉम्प्रेसर, वर दूध ढवळणारा पंखा आणि समोर तापमानाचा आकडा. शेजारी खिळ्याला वही. तिच्यात सकाळी 4, संध्याकाळी 4, दुसऱ्या दिवशी पुन्हा 4.

महिनाभर न हललेला चार हा आकडा संशयास्पद आहे. चालू बीएमसीत तो तसा राहूच शकत नाही.

हिशोब करून पाहू. टाकीत सकाळचं 600 लिटर दूध 4 अंशांवर आहे. संध्याकाळी 400 लिटर येतं, धारेचं, सुमारे 34 अंशांचं. दोन्ही एकदम मिसळली तर मिश्रण 16 अंशांवर जाईल. प्रत्यक्षात दूध दोन तास हळूहळू येतं आणि कॉम्प्रेसर चालूच असतो, त्यामुळे पारा अकरा-बारावर थांबतो. म्हणजे 5 अंशांची मर्यादा ठेवली, तर चांगलं चालणारं केंद्रही रोज संध्याकाळी मर्यादा ओलांडणार. नुसत्या आकड्यावर वाजणारा अलार्म रोज वाजेल आणि आठवड्याभरात कुणीतरी त्याची वायर काढून ठेवेल.

म्हणून लॉगने आकड्याबरोबर वेळही मोजायला हवी. दर पाच मिनिटांनी नोंद घेणारा साधा लॉगर घ्या. संध्याकाळी साडेसहाला संकलन सुरू झालं. पावणेसातला पारा 5 च्या वर गेला, साडेआठला शेवटचा कॅन ओतला तेव्हा 11.5 होता, आणि 10 वाजून 5 मिनिटांनी तो पुन्हा 5 च्या खाली आला. मर्यादेबाहेरचा काळ 3 तास 20 मिनिटं. पंधरा दिवसांनी, तेवढंच दूध आलेलं असताना, कमाल तापमान 12 दिसलं. वाढ फक्त अर्ध्या अंशाची, वहीत ती कुणाच्या नजरेतही भरणार नाही. पण पारा खाली यायला 11 वाजून 20 मिनिटं झाली. साडेतीन तासांच्या आतला काळ 4 तास 35 मिनिटांवर गेला.

बिघाड तिथे दिसतो. कंडेन्सरच्या जाळीत धूळ आणि भुसा बसला असेल, किंवा गॅस कमी झाला असेल. यंत्र अजून बंद पडलेलं नाही, दूधही अजून नासलेलं नाही, पण थंड होण्याचा वेग मंदावला आहे. मात्र हे कळायला लॉगमध्ये त्या दिवशीचे लिटर लिहिलेले हवेत, नाहीतर जास्त दुधाची संध्याकाळ आणि थकलेला कॉम्प्रेसर यांत फरक करता येत नाही.

वेळ मोजणं डेअरीवाल्यांना नवं नाही, हे इथे मुद्दाम सांगायला हवं. पाश्चरायझेशनचा नियमच मुळी जोडीने सांगितला जातो: 72 अंश, 15 सेकंद. त्यातलं एक जरी कमी पडलं तरी दूध पाश्चराइज झालं असं कुणी म्हणत नाही. यंत्राला लावलेला चार्ट दोन्ही टिपतो. गरम बाजूला इतकी शिस्त पाळणारा हा धंदा थंड बाजूला मात्र एका आकड्यावर भागवतो, आणि ते चूक आहे. अमेरिकेतल्या दुधाच्या नियमावलीत थंड करण्यालाही घड्याळ लावलेलं आहे: दूध काढून झाल्यावर दोन तासांत ते 7 अंशांवर यायला हवं, आणि नंतरचं दूध मिसळताना मिश्रण 10 अंशांच्या वर जाता कामा नये. आपल्याकडे दूध अनेक गोठ्यांमधून कॅनमध्ये चालत येतं, त्यामुळे तेच आकडे उचलून लावता येणार नाहीत. पण वेळेची अट आपल्यालाही घालता येते.

उशिराची किंमत उशिराच कळते. थंडीतही वाढणारे स्यूडोमोनाससारखे जिवाणू जी विकरं सोडतात, त्यांतली काही पाश्चरायझेशनमध्येही टिकतात. जिवाणू मरतात, विकरं मात्र काम करत राहतात आणि पिशवीतल्या दुधाला कडवट चव येते. तोवर टँकर, डेअरी, दुकान सगळं मागे पडलेलं असतं.

दुसरी अडचण रात्रीच्या विजेची. समजा 2 वाजून 20 मिनिटांनी वीज गेली आणि 4 वाजून 55 मिनिटांनी आली. बॅटरीवरचा लॉगर या सगळ्या काळात 4.1 ते 4.3 दाखवतो. वीज येते, पंखा दूध ढवळू लागतो आणि दहा मिनिटांत आकडा 5.4 वर उडी मारतो. दूध दहा मिनिटांत तापलेलं नाही. पंखा बंद असताना साय वर आली, वरचा थर ऊबदार होत गेला, आणि तळाशी बसवलेल्या सेन्सरला त्याचा पत्ताच नव्हता. लॉग म्हणेल, अर्धा तास मर्यादा ओलांडली. जाणकार माणूस वीज गेल्यापासूनचा सगळा काळ संशयित धरेल आणि टँकर भरण्याआधी एमबीआरटी लावून बघेल: मिथिलिन ब्लूचा निळा रंग जितक्या लवकर जाईल, तितके जिवाणू जास्त.

लॉगरच विजेवर चालत असेल, तर त्या अडीच तासांच्या जागी काहीच नसतं. कित्येक तक्त्यांमध्ये आधीचा आणि नंतरचा आकडा सरळ रेषेने जोडला जातो आणि रिकामी रात्र सुरळीत दिसते. त्या जागी ‘नोंद नाही’ असंच यायला हवं, आणि त्याचा झेंडा मर्यादा ओलांडल्याइतकाच लाल हवा.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण फसवते तीच. पारा 5.1, 4.9, 5.2, 4.9 असा घुटमळला की लॉग पाच-पाच मिनिटांच्या डझनभर नोंदी करतो आणि कुठलीच गंभीर वाटत नाही. म्हणून पारा 4.5 च्या खाली येऊन तीन नोंदी टिकला, तरच मर्यादेबाहेरची वेळ संपली असं धरावं. टँकर सुटेपर्यंतच्या सगळ्या वेळांची बेरीजही ठेवावी. चाळीस मिनिटांचे तीन प्रसंग म्हणजे त्या दुधासाठी दोन तास.

आणि हे सगळं सेन्सर खरं बोलत असेल तरच. ते तपासायला बर्फाचा चुरा, त्यात थोडं पाणी आणि काही मिनिटं पुरतात. नीट ढवळून सेन्सर मधोमध बुडवला की आकडा शून्यावर, फार तर अर्धा अंश इकडेतिकडे, स्थिरावायला हवा. तो उणे 1.5 दाखवत असेल, तर मागच्या तपासणीपासूनच्या नोंदी दीड अंश वाढवून पुन्हा वाचाव्या लागतात. मग वहीतला 4 साडेपाच होतो, आणि ज्या रात्री लॉगमध्ये एकही झेंडा नव्हता, त्या रात्रभराचं दूध मर्यादेबाहेर होतं असं निघतं.