लोकसंख्येची मर्यादा तीन आकड्यांत सापडते का?

१९१३ साली टॉर कार्लसन या संशोधकाने साखरेच्या द्रावात यीस्ट वाढवलं आणि दर तासाला ते किती झालं याची नोंद ठेवली. सुरुवातीला ते होतं ९.६ एकक. तासाभराने १८.३ झालं, दोन तासांनी २९, चार तासांनी ७१.१. दर तासाला साधारण १.७ पट, अशी ही वाढ चालली होती. त्याच पटीने ती अठरा तास चालती, तर शेवटी यीस्ट सुमारे १,३५,००० एकक भरलं असतं. प्रत्यक्षात अठराव्या तासाला ते होतं ६६१.८. आणि शेवटच्या तासात भर पडली होती जेमतेम २.२ एककांची.

मधे काय झालं? द्रावातलं खाद्य कमी होत गेलं आणि यीस्टनेच तयार केलेला अल्कोहोल साठत गेला. पेशी वाढल्या तसा प्रत्येक पेशीचा वाढीचा वेग उतरत गेला. पाचव्या तासात यीस्ट ६८ टक्क्यांनी वाढलं, आठव्यात ३६ टक्क्यांनी, तेराव्यात फक्त ६ टक्क्यांनी.

हे उतरणं गणितात मांडलं बेल्जियमच्या पिएर फ्रान्स्वा व्हेरहुल्स्ट यांनी, १८३८ साली. त्यांचं म्हणणं सोपं आहे. मोकळ्या जागेत लोकसंख्या जितकी वाढली असती तो आकडा घ्या आणि त्याला उरलेल्या जागेच्या प्रमाणाने गुणा. त्या परिसराला जास्तीत जास्त किती जीव पोसता येतील, ती संख्या म्हणजे धारणक्षमता. ती K मानली, आजची लोकसंख्या N आणि मोकळ्या वाढीचा दर r मानला, तर:

वाढीचा वेग = r × N × (1 − N/K)

कार्लसनच्या यीस्टसाठी r साधारण ०.५४ आणि K ६६५ धरून पाहू. यीस्ट २० असताना वेग येतो ०.५४ × २० × ०.९७, म्हणजे तासाला १०.५. प्रत्यक्षात १८.३ वरून २९ होताना भर पडली १०.७. मर्यादेच्या निम्म्यावर, म्हणजे ३३२ च्या आसपास, वेग येतो ९०. आठव्या आणि नवव्या तासात भर पडली ९३ आणि ९०. सहाशेवर सूत्र सांगतं ३२, नोंदीत आहे ३५. अशी वाढ आलेखावर काढली की आडव्या, ताणलेल्या S सारखी रेघ मिळते. तिलाच लॉजिस्टिक वक्र म्हणतात. निम्म्या मर्यादेपर्यंत तासागणिक पडणारी भर वाढत जाते, त्यानंतर ती घटते.

पण इथे K आपण आधीच माहीत असल्यासारखा वापरला. खरी गोम तिथेच आहे. प्रयोग संपल्यावर K दिसतोच, तो आधी कसा काढायचा?

त्यासाठी सारख्या अंतराने घेतलेले तीन आकडे पुरतात. पहिला अ, मधला ब, शेवटचा क. वाढ खरोखर लॉजिस्टिक असेल तर:

मर्यादा = [ब² × (अ + क) − २ × अ × ब × क] ÷ [ब² − अ × क]

यीस्टचे ०, ९ आणि १८ या तासांचे आकडे घ्या: ९.६, ४४१, ६६१.८. उत्तर येतं ६६४. दुसरे तीन घ्या, २, १० आणि १८ या तासांचे: २९, ५१३.३, ६६१.८. पुन्हा ६६४. फारच समाधानकारक!

आता समजा, आपण सातव्या तासालाच घाई केली. १, ४ आणि ७ या तासांचे आकडे आहेत १८.३, ७१.१ आणि २५७.३. छेदात ब² आहे ५०५५ आणि अ × क आहे ४७०९. उरतात फक्त ३४६. मर्यादा येते सुमारे २०८८, खऱ्या मर्यादेच्या तिपटीहून जास्त. शेवटचा आकडा मोजताना तीन टक्क्यांची चूक होऊन २५७ ऐवजी २६५ लिहिला गेला असता, तर हीच मर्यादा ३६१० आली असती.

असं का होतं, ते छेदच सांगतो. लोकसंख्या नुसती पटीने वाढत असेल तर ब² आणि अ × क एकसारखे असतात, छेद शून्य होतो आणि मर्यादा म्हणून काही उरतच नाही. वक्राच्या पहिल्या भागात वाढ जवळजवळ तशीच असते. म्हणून छेद लहान येतो, आणि लहान छेदाने भागलं की बारीकशी चूकही फुगते. निम्मी मर्यादा ओलांडली जाईपर्यंत आकड्यांना मर्यादेची फारशी खबरच नसते.

आता माणसांकडे वळू. १९२० साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले रेमंड पर्ल आणि लोवेल रीड यांनी व्हेरहुल्स्टचं काम ठाऊक नसताना हाच वक्र पुन्हा शोधला आणि आपल्या देशाला लावला. त्यांनी १७९०, १८५० आणि १९१० च्या जनगणना घेतल्या: ३.९२९, २३.१९२ आणि ९१.९७२ दशलक्ष. वरच्या सूत्रात घालून पाहा. अंश येतो ३४,८२१, छेद १७६.५१, आणि मर्यादा १९७.२७ दशलक्ष, म्हणजे पावणेवीस कोटींच्या किंचित खाली. हाच आकडा पर्ल आणि रीड यांनी छापला. त्यांच्या वक्रानुसार निम्मा टप्पा १९१४ च्या सुमारास येत होता. म्हणजे त्यांचा शेवटचा आकडा त्या टप्प्याच्या अलीकडचाच होता.

हाती दहाच वर्षांनंतरची जनगणना असती तर? १८००, १८६० आणि १९२० चे आकडे आहेत ५.३०८, ३१.४४३ आणि १०५.७११ दशलक्ष. मर्यादा येते १७४ दशलक्ष. तोच देश, तेच सूत्र, आणि दोन कोटींहून जास्त माणसं गायब!

तरीही पर्ल-रीड यांचा वक्र बराच काळ खरा ठरल्यासारखा वाटला. १९४० साठी तो १३६ दशलक्ष सांगत होता, मोजणीत आले १३२. मंदीच्या वर्षांत जन्म घटले होते. १९५० साठी १४९ सांगितले, आले १५१. इतकं जुळल्यावर कुणालाही विश्वास बसावा. पण दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्म भराभर वाढले. १९६० च्या जनगणनेत १७९ दशलक्ष लोक निघाले, वक्र म्हणत होता १५९. १९७० मध्ये २०३ दशलक्ष झाले आणि मर्यादाच मागे पडली. २०२० मध्ये अमेरिकेची लोकसंख्या ३३१ दशलक्ष होती.

व्हेरहुल्स्टही यातून सुटले नव्हते. १८४५ साली त्यांनी बेल्जियमची मर्यादा ६६ लाख काढली, दोनच वर्षांनी ती ९४ लाखांवर नेली. आज तिथे एक कोटी दहा लाखांहून जास्त लोक राहतात.

यीस्टच्या भांड्यात बाहेरून खाद्य पडत नाही, नव्या पेशी स्थलांतर करून येत नाहीत आणि मुलं किती हवीत हे कुणी ठरवत नाही. तिथे K हा भांड्याचा गुण असतो. देशाच्या बाबतीत शेती, औषधं, आयात-निर्यात, स्थलांतर आणि घराघरांतले निर्णय K ला हलवत राहतात. मग आकडे वक्रावर कितीही नेमके बसोत, ते फक्त मागची गोष्ट सांगतात.

म्हणूनच संयुक्त राष्ट्रसंघ आज जगाच्या लोकसंख्येचा अंदाज करताना लॉजिस्टिक वक्र वापरत नाही. लोकांचे वयोगट पाडून प्रत्येक गटातले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर वेगवेगळे मोजत पुढे नेले जातात. भारताच्या जनगणनेनंतरचे सरकारी अंदाजही याच पद्धतीने काढले जातात.