मिती जुळल्या, पण दोन कुठून आला?

सीईटी तोंडावर आली होती. इंदापूरहून रोज एसटीने बारामतीला क्लासला येणारी ती मुलगी एका सूत्रावर अडली. टाकीला पाण्याच्या पातळीखाली h खोलीवर भोक पाडलं, तर पाणी किती वेगाने बाहेर पडेल? डोक्यात दोन सूत्रं घोळत होती: √(2gh) आणि √(2g/h). मिती ती पाठ करून आली होती, पण त्या सूत्र तपासायलाही वापरता येतात, हे कधी मनावर घेतलं नव्हतं.

मग तिने वहीच्या कडेला हिशेब मांडला. g म्हणजे त्वरण, त्याची मिती L/T². h ही लांबी, म्हणजे L. गुणाकार केला की L²/T², आणि वर्गमूळ काढलं की L/T. ही तर वेगाचीच मिती! भागाकार केला तर L उडून जातो, आणि वर्गमूळ काढल्यावर उरतं फक्त 1/T. तो वेग असूच शकत नाही. दुसरं सूत्र बाद.

पण आतला 2? तो नुसता आकडा, त्याला मिती नाही. √(gh) लिहिलं असतं, तरी ते या चाचणीत बिनबोभाट पास झालं असतं. 5 मीटर खोली आणि g = 10 धरला, तर खरं उत्तर सेकंदाला 10 मीटर; 2 विसरल्यास जेमतेम 7. पर्यायांत दोन्ही असले, तर मिती इथे हात टेकतात. तो 2 येतो ऊर्जेच्या अक्षय्यतेतून: ½mv² = mgh.